मागचे पॅड मागवले, निघाला ड्रम

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये मागचं चाक घासल्यासारखं वाजायला लागलं. मी दुकानात फोन करून मागचे ब्रेक पॅड मागितले. दुकानदार म्हणाला, "साहेब, आधी चाकाचा फोटो पाठवा."

व्हीलकव्हर काढून फोटो काढला. पुढच्या चाकात चकचकीत चकती आणि तिची कड पकडून बसलेला कॅलिपर दिसत होता, म्हणजे डिस्क, तिथे पॅड. मागे मात्र पालथ्या पातेल्यासारखा गंजका, बंद डबा. कॅलिपर कुठेच नाही. हा ड्रम, आणि त्यात पॅड नसतात. चंद्रकोरीसारखे दोन ब्रेक शू असतात, ज्यांना आमचा मेकॅनिक सरसकट 'लायनर' म्हणतो.

शू किती झिजलेत, ते मात्र फोटोत कळेना. ड्रम उतरवला तेव्हा एकाचं अस्तर रिव्हेटपर्यंत संपलेलं होतं. दोन्ही मागच्या चाकांचे शू बदलले, आवाज गेला.