आपोआप तयार झालेली मराठी सबटायटल आणि शेड्यूल केलेला व्हिडिओ: या चुका टाळा

तासगाव, मिरज, पलूस या भागांतील अनेक द्राक्ष बागायतदार आता छाटणी आणि फवारणीचे व्हिडिओ बनवून यूट्यूबवर टाकतात. बागेतून वेळ मिळेल तेव्हा ते तयार होतात आणि सकाळची ठरावीक वेळ लावून शेड्यूल केले जातात. सबटायटल व्हिस्परसारख्या प्रणालीकडून काढून घेतली जातात, कारण हाताने लिहायला कोणाला सवड नसते. यात गैर काहीच नाही. मात्र ठरलेली वेळ झाली की व्हिडिओ प्रसिद्ध होतोच; सबटायटल तपासून झाली आहेत की नाहीत, याची वाट यूट्यूब पाहत नाही. म्हणून फाइल तपासून, चढवून आणि प्रसिद्ध करून झाल्यावरच वेळ लावावी. तोपर्यंत व्हिडिओ खासगी ठेवावा.

पहिली चूक तपासणीच्या आधीच होते, ती म्हणजे भाषा न सांगता व्हिस्पर चालवणे. भाषा सांगितली नाही, तर व्हिस्पर पहिल्या तीस सेकंदांवरून ती ओळखतो. सुरुवातीला संगीत असेल किंवा बोलणाऱ्याने हिंदीत नमस्कार केला असेल, तर तो हिंदी धरून पुढचे सगळे बोलणे हिंदी वळणाने उतरवू शकतो. दोन्ही भाषांची लिपी एकच असल्याने नुसती नजर फिरवणाऱ्याला फाइल ठीकच वाटते. यावर एक सोपी खूण आहे: फाइलमध्ये ‘ळ’ शोधावा. फळछाटणी, पाकळी, वेळ हे शब्द बोलले गेले असूनही ‘ळ’ कुठेच सापडत नसेल आणि ‘है’, ‘नहीं’ सापडत असतील, तर फाइल सुधारत बसू नये, भाषा मराठी सांगून पुन्हा काढावी:

```
whisper bordo.wav --language mr --model large-v3 --task transcribe --output_format srt --condition_on_previous_text False
```

यातील शेवटचा पर्याय, एकच वाक्य ओळीमागून ओळ उमटत राहण्याचा दोष कमी करतो. त्याची किंमतही आहे. `--initial_prompt` मधून ‘मोरचूद, केवडा, फळछाटणी’ असे शब्द आधी सुचवले, तर या पर्यायासोबत त्यांचा उपयोग साधारण पहिल्या तीस सेकंदांपुरताच होतो. त्यामुळे पुढचे शब्द नंतर शोधून बदलावेच लागतात. संगीताच्या किंवा शांततेच्या जागी कोणीही न बोललेले ‘धन्यवाद’सारखे शब्द उमटतात, तेही याच फेरीत काढून टाकावेत.

खरा धोका पुढे आहे, आणि तो शुद्धलेखनाचा नाही. ट्रान्सक्रिप्ट तपासणारा माणूस सहसा ऱ्हस्व-दीर्घ सुधारतो, कारण ते डोळ्यांना खटकते. बागेचे नुकसान करणारी चूक मात्र शुद्ध, वाचनीय आणि पूर्णपणे उलट अर्थाची असते. बोर्डो मिश्रणाच्या व्हिडिओतील एक नमुना घेऊ. वक्ता म्हणतो, ‘पाऊण टक्क्यासाठी शंभर लिटरला मोरचूद साडेसातशे ग्रॅम घ्या, आणि चुन्याचं पाणी त्यात ओतू नका.’ आपोआप निघालेल्या फाइलमध्ये असे काही येऊ शकते:

```
41
00:03:18,400 --> 00:03:23,900
पाऊस टक्क्यासाठी शंभर लिटरला मोरचूक
साडेसात ग्रॅम घ्या, आणि चुन्याचं पाणी त्यात ओतून का
```

येथे चार दोष आहेत आणि चौघांचे वजन सारखे नाही. ‘मोरचूक’ वाचून शेतकरी हसेल आणि पुढे जाईल. ‘पाऊण’चा ‘पाऊस’ झाल्याने मिश्रणाची तीव्रता नाहीशी झाली आहे. पावसाचा विषय व्हिडिओभर चालू असल्याने तो शब्द नजरेतूनही सुटतो. ‘साडेसात’ हा आकडा मात्र विश्वासार्ह दिसतो. एक टक्क्याच्या बोर्डोला शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद लागते, त्या हिशेबाने पाऊण टक्क्याला साडेसातशे ग्रॅम. म्हणजे सबटायटलमधील प्रमाण शंभरपट कमी आहे. आणि ‘ओतू नका’चे ‘ओतून का’ झाल्याने मनाईच पुसली गेली. मोरचुदाचे द्रावण हळूहळू चुन्याच्या पाण्यात ओतायचे असते, उलट नव्हे. ‘करू नका’ आणि ‘करून का’ यांत कानाला फरक फक्त किंचित थांबण्याचा असतो, आणि आपल्याकडे बोलताना तेवढेही कोणी थांबत नाही.

म्हणून फाइल पहिल्या ओळीपासून क्रमाने वाचत बसण्यापेक्षा तीन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत ‘नका’, ‘नये’, ‘नाही’, ‘शिवाय’ हे शब्द शोधावेत, आणि त्यांच्याबरोबरच ‘ून का’, ‘ून ये’ असे तुटलेले अक्षरसमूहही शोधावेत, कारण हरवलेला नकार त्यांतच लपलेला असतो. वक्ता ‘न्हाई’ किंवा ‘करू नगा’ म्हणणारा असेल, तर शोधावर विसंबू नये. मनाईची वाक्ये कुठे आहेत हे त्याच्याकडूनच विचारून ती कानाने ऐकावीत. दुसऱ्या फेरीत प्रत्येक आकडा आणि त्याचे एकक ऐकून ताडावे. पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि ‘साडे’ने सुरू होणारे आकडे विशेष जपावेत, जमल्यास सबटायटलमध्ये ते ‘750 ग्रॅम’ असे अंकांतच लिहावेत. औषधांची आणि गावांची नावे तिसऱ्या फेरीत आली तरी चालतील. तपासणारा माणूस शेतीतला असावा. भाषेचा जाणकार ‘साडेसात ग्रॅम’वर अडखळणार नाही, बागायतदार तिथेच थांबेल.

मजकूर बरोबर, पण ओळी बोलण्याच्या आधी किंवा नंतर येतात, ही तक्रारही वारंवार असते. तिचे कारण बहुधा असे, की सबटायटल काढल्यानंतर व्हिडिओला पुन्हा हात लावला गेला. सुरुवातीला बारा सेकंदांची नामपट्टी जोडली, तर प्रत्येक ओळ बारा सेकंद लवकर येते. फरक सर्वत्र सारखाच असेल, तर सगळी फाइल एकदम सरकवता येते:

```
ffmpeg -itsoffset 12 -i bordo.srt -c copy bordo_12.srt
```

पण मधला एखादा भाग कापला असेल, तर कापलेल्या जागेपर्यंत ओळी जुळतात आणि तिथून पुढे अचानक घसरतात. तिथे सरकवण्याचा उपयोग नाही. अंतिम व्हिडिओवरून सबटायटल पुन्हा काढावीत. हे ओळखण्यासाठी सुरुवातीची, मधली आणि शेवटची एकेक ओळ ऐकून पाहणे पुरेसे आहे.

फाइल नोटपॅडमध्ये सुधारली असेल, तर ती UTF-8 मध्येच साठवावी. तसे न केल्यास देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. यूट्यूब स्टुडिओत `Subtitles` विभागात मराठी भाषा जोडून `With timing` या पर्यायाने फाइल चढवावी आणि `Publish` दाबावे. `Save draft` वर थांबलेली फाइल तुम्हाला दिसते, प्रेक्षकांना दिसत नाही. प्रसिद्ध झाल्यावर चूक आढळली, तरी अशी वेगळी चढवलेली फाइल व्हिडिओला हात न लावता बदलता येते.

मात्र व्हॉट्सॲपच्या गटांत फिरणाऱ्या व्हिडिओसोबत ती फाइल जात नाही. म्हणून अनेक जण अक्षरे चित्रातच छापून टाकतात. तशी प्रत आधी वरच्या तिन्ही फेऱ्या पूर्ण करून मगच काढावी, कारण एकदा पुढे गेलेल्या प्रतीतील ‘साडेसात ग्रॅम’ कोणालाच परत घेता येत नाही.