वेळापत्रकाच्या कोपऱ्यातली तिरकी रेघ: एक्सेल उघडण्यापूर्वीची आणि नंतरची तयारी

शाळेचं वेळापत्रक एक्सेलमध्ये मांडायचं असेल तर आधी कागदावर ठरवा: वरच्या ओळीत काय आणि डावीकडच्या रकान्यात काय. आपल्याकडे सहसा वर तासिका आणि डावीकडे सोमवार ते शनिवार असतात. म्हणून कोपऱ्यातल्या चौकटीत उजवीकडे वर ‘तासिका’ आणि डावीकडे खाली ‘वार’ यायला हवं. रेघही त्याप्रमाणे डाव्या वरच्या टोकाकडून उजव्या खालच्या टोकाकडे उतरणारी लागते. उलट तिरकी रेघ मारली तर एक शब्द डावीकडे वर आणि दुसरा उजवीकडे खाली जातो. मग कुठला शब्द कुठल्या दिशेचा, हे वाचणाऱ्याला कळतच नाही.

दुसरी तयारी जागेची. रेघ मारण्याआधीच ओळीची उंची आणि रकान्याची रुंदी पक्की करून टाका, कारण पुढचं सगळं त्या मापावर बसतं. शाळेचं नाव आणि वर्ग वरच्या दोन ओळींत गेले, तर कोपरा A3 मध्ये येतो. तिसऱ्या ओळीची उंची ४२ आणि A रकान्याची रुंदी १४ ठेवली की १२ आकाराच्या अक्षरांना पुरेशी जागा मिळते. तासिकेचा क्रमांक आणि त्याखाली वेळ एकाच चौकटीत लिहायची असली तरी ही उंची पुरते. वेळेसाठी वेगळी ओळ घालून कोपरा जोडत बसावं लागत नाही. फाँटही आत्ताच निवडा.

आता रेघ. Home वरच्या बॉर्डरच्या यादीत तिरकी रेघ नसते, त्यामुळे ती शोधण्यात वेळ घालवू नका. A3 निवडून Ctrl+1 दाबा आणि Border टॅब उघडा. आधी डावीकडे रेघेची जाडी आणि रंग निवडा, मग नमुन्याच्या चौकटीखालचं उजव्या टोकाचं बटण दाबा. हा क्रम पाळा, कारण रेघ आधी मारून नंतर जाडी निवडली तर ती रेघेला लागत नाही, बटण पुन्हा दाबावं लागतं. इथे बारीक रेघच बरी. जाड रेघ छापल्यावर मात्रा आणि वेलांट्यांना टेकते.

खरी कसरत मजकुराची आहे. एक्सेलमध्ये एका चौकटीला आडवी मांडणी एकच मिळते, पहिली ओळ उजवीकडे आणि दुसरी डावीकडे असं सांगता येत नाही. म्हणून मांडणी डावी ठेवायची आणि ‘तासिका’च्या आधी मोकळ्या जागा देऊन तो शब्द उजवीकडे सरकवायचा. हाताने लिहिताना जागा देऊन ‘तासिका’, मग Alt+Enter, मग ‘वार’. मला मात्र सूत्र आवडतं, कारण त्यात फक्त आकडा बदलून शब्द पुढेमागे करता येतो:

```
=REPT(" ",12)&"तासिका"&CHAR(10)&"वार"
```

१२ हा आकडा सुरुवातीपुरता आहे. प्रत्येक फाँटमध्ये मोकळ्या जागेची रुंदी वेगळी असते, म्हणून तो डोळ्याने बघून वाढवा. सूत्र वापरलं तर Wrap Text स्वतः चालू करावं लागतं, नाहीतर दोन्ही शब्द एकाच ओळीत चिकटून दिसतात. उभ्या मांडणीसाठी Alignment टॅबमध्ये Vertical ला Distributed निवडा. त्याने पहिली ओळ वर आणि दुसरी तळाशी जाते, आणि उंची थोडी बदलली तरी शब्द आपापल्या कोपऱ्यातच राहतात.

मोकळ्या जागा फार झाल्या की ‘तासिका’ पहिल्या ओळीत मावत नाही आणि खालच्या ओळीत उतरतो. वरचा अर्धा भाग रिकामा आणि ‘वार’ तळाशी कापलेला दिसला, तर आकडा दोनाने कमी करा. पडद्यावर काठोकाठ बसलेला शब्द छापताना खाली उतरू शकतो, म्हणून उजवीकडे एका अक्षराएवढी जागा सोडाच आणि Print Preview बघितल्याशिवाय प्रती काढू नका.

काही जण एकाच ओळीत लिहून एक शब्द Superscript आणि दुसरा Subscript करतात. त्यात अक्षरं बारीक होतात, आणि वर्गाच्या भिंतीवर लावलेल्या तक्त्यात देवनागरी इतकी बारीक वाचता येत नाही. Insert मधून आकृतीची रेघ ओढायचा मार्गही आहे, पण रकान्याची रुंदी बदलल्यावर तिची टोकं कोपऱ्यात राहिली आहेत का, ते दरवेळी तपासावं लागतं. चौकटीची स्वतःची रेघ आपोआप कोपरा धरून राहते.

शेवटी, वेळापत्रक कुणाकडे कशात जाणार ते बघा. गूगल शीट्सच्या बॉर्डरमध्ये तिरकी रेघ नाही, त्यामुळे सगळे शिक्षक तिथेच बदल करणार असतील तर हा घाट घालू नका. ‘वार ↓ तासिका →’ असं एका ओळीत लिहा. वॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं असेल तर पीडीएफ करा, म्हणजे दुसऱ्याच्या संगणकावर तो फाँट नसला तरी शब्द हलणार नाहीत. आणि वेळापत्रक फक्त छापायचंच असेल, तर वर्डमध्ये करणं सोपं: तिथे प्रत्येक परिच्छेदाला वेगळी मांडणी देता येते. ‘तासिका’ उजवीकडे, ‘वार’ डावीकडे, आणि बॉर्डरच्या यादीतून Diagonal Down Border. फक्त ती निवडताना कर्सर कोपऱ्यातल्या चौकटीतच ठेवा. अख्खा तक्ता निवडलेला असेल तर प्रत्येक चौकटीत तिरकी रेघ येते.