डॉक्टर झालेल्या मैत्रिणीला स्टेथो द्यायचा? आधी हे बघा

साडेचार वर्षांचा अभ्यास आणि वर्षभराची इंटर्नशिप संपवून मैत्रीण डॉक्टर झाली की नागपुरात बहुतेकांच्या मनात पहिलं नाव येतं स्टेथोस्कोपचं. भेट उत्तमच आहे, पण तिच्याकडे एक स्टेथो आधीपासून असतो, तोही वॉर्डात वापरून झिजलेला. त्यामुळे पहिलं काम म्हणजे तिच्या बॅचमेटला गाठून दोन गोष्टी विचारणं: सध्याच्या स्टेथोची नळी कडक झाली आहे का, आणि ही पुढे काय करणार आहे? पॅथॉलॉजी किंवा रेडिओलॉजीकडे जाणारीला महागडा स्टेथो देऊ नका, तो कपाटातच राहील.

समजा मैत्रीण नागपूरच्या मेयो रुग्णालयातून इंटर्नशिप करून बाँडवर, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेसाठी, गडचिरोलीच्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात निघाली आहे. तिथे सकाळच्या ओपीडीत खोकणारे म्हातारे आणि कडेवरची तान्ही बाळं एकाच रांगेत येतात. म्हणून तिला दोन्ही बाजूंनी ऐकता येणारा स्टेथो हवा: मोठी बाजू प्रौढांसाठी, छोटी लहान मुलांसाठी. लिटमनचा क्लासिक ३ यात चपखल बसतो. त्याच्या दोन्ही पडद्यांवर हलका दाब दिला तर खालच्या सुराचे आवाज येतात, दाब वाढवला की वरच्या सुराचे. छोट्या बाजूचा पडदा काढून त्याजागी रबरी कडं लावलं की तीच बाजू बेल म्हणून, म्हणजे पडद्याशिवाय खालच्या सुराचे आवाज ऐकायला, वापरता येते. लिटमनचाच कार्डिऑलॉजी ४ त्याहून जड आणि बराच महाग. हृदयरोगाकडे वळणारीला तो शोभतो. आरोग्य केंद्रात क्लासिक ३ पुरतो. चार-पाच जणांनी वर्गणी काढली तर कोणाला जड जात नाही.

खरेदी मेडिकल चौकाच्या बाजूला किंवा रामदासपेठेत, ओळखीच्या सर्जिकलच्या दुकानातून करा आणि पक्कं बिल घ्या. लिटमनच्या नावानं नकली माल भरपूर विकला जातो. कोणी निम्म्या किमतीत देतो म्हणाला, तर तिथूनच परत फिरा. अस्सल स्टेथोच्या छातीवर ठेवायच्या भागाच्या दांड्यावर सीरियल नंबर कोरलेला असतो. तो बघून टिपून ठेवा, वॉरंटीच्या वेळी लागतो.

मग दुकानातच ऐकून बघा. कानातली टोकं नाकाच्या दिशेनं पुढे झुकलेली हवीत, कारण कानाची वाट तशीच असते. उलटी घातली तर आवाज दबून येतो. मोठ्या पडद्यावर बोट अलगद घासा. काहीच ऐकू आलं नाही तर लगेच सदोष म्हणू नका. एका वेळी एकच बाजू उघडी असते. छातीवर ठेवायचा भाग दांड्यावर अर्धा फिरवा, कट्ट आवाज होईल आणि दुसरी बाजू सुरू होईल. आता पडदा स्वतःच्या छातीवर, डाव्या बाजूला ठेवा. ठोके स्पष्ट येत असतील आणि तरी दुकानातली बडबड कानात शिरत असेल, तर कानातली मऊ टोकं नीट बसलेली नाहीत. डब्यात वेगळ्या मापाची जोडी असते, ती लावून बघा.

हे सगळं झाल्यावरच नाव कोरायला द्या. कोरलेला स्टेथो दुकानदार परत घेत नाही. मला विचाराल तर या भेटीत नाव कोरणं सगळ्यात मोलाचं आहे. वॉर्डात स्टेथो एकमेकांकडून मागून नेले जातात आणि सारखे दिसणारे सहज बदलतात. एकाच रंगाच्या दहा स्टेथोंमधून आपला ओळखायला नावच उपयोगी पडतं. नळीचा रंग जरा वेगळा घेतलात, बरगंडी वगैरे, तर आणखी बरं. नावाचं स्पेलिंग मात्र तिच्या प्रमाणपत्रावर आहे तसंच द्या. लाडाचं नाव नको. साध्या ट्रॉफीच्या दुकानात कोरू देऊ नका, पडद्याला धक्का लागू शकतो. विकणाऱ्यालाच सोय विचारा, आणि कोरल्यानं वॉरंटीवर काही परिणाम होतो का तेही.

देताना सोबत एका चिठ्ठीवर निगा लिहून द्या. पुसायला सत्तर टक्के अल्कोहोलचे वाइप्स वापरायचे. पाण्यात बुडवायचा नाही. उघड्या मानेवर सतत लटकवल्यानं त्वचेचं तेल लागून नळी कडक होते, त्यामुळे कॉलरवरून घातलेला बरा. पेनाची शाई नळीवर लागली तर डाग निघत नाही, म्हणून अ‍ॅप्रनच्या एकाच खिशात पेन आणि स्टेथो नको. आणि नागपूर-गडचिरोलीच्या मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत तो ठेवायचा नाही. चिठ्ठीसोबत बिल आणि वॉरंटी कार्डही त्याच डब्यात घाला.