कॅरोसेलच्या तळाशी टीझर लिहिताना या चुका टाळा

इन्स्टाग्रामवर बोटाने एकेक स्लाइड सरकवत पाहायची पोस्ट म्हणजे कॅरोसेल. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कॅरोसेलपैकी निम्म्याहून अधिक कॅरोसेलमध्ये प्रत्येक स्लाइडच्या तळाशी ‘पुढे पाहा’ आणि एक बाण एवढेच असते. पुढे स्लाइड आहे हे वाचकाला चित्राखालच्या ठिपक्यांवरून कळतेच. ती का पाहायची, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. टीझर म्हणजे सूचना नव्हे. स्लाइडवर आत्ताच सांगितलेल्या गोष्टीतून वाचकाच्या मनात जो प्रश्न उभा राहतो, तो त्याच्याआधी आपण विचारणे म्हणजे टीझर.

ही चूक मी स्वतः पुरेपूर केली आहे. कुंडीतल्या झाडांची पाने पिवळी का पडतात, यावर मी एकदा दहा स्लाइडचे कॅरोसेल केले होते. पहिल्या स्लाइडवर ‘पाच कारणे, पाचवे वाचून थक्क व्हाल’ असे लिहिले आणि पुढच्या प्रत्येक स्लाइडच्या तळाशी ‘पाचवे कारण अजून बाकी आहे’ ही एकच ओळ चिकटवली. नवव्या स्लाइडवर ते पाचवे कारण उलगडले : जास्त पाणी घालणे. झाडे लावणाऱ्या कोणालाही ठाऊक असलेली गोष्ट मी आठ स्लाइड लपवून ठेवली होती. प्रतिक्रियांमध्ये काहींनी पाचवे कारण कोणते, असे विचारले, म्हणजे ते तिथपर्यंत पोहोचलेच नव्हते. जे पोहोचले, त्यांतल्या एकाने ‘एवढ्यासाठी?’ असे लिहिले. दुसरी प्रतिक्रिया मला अधिक लागली, कारण शेवटपर्यंत आलेल्या वाचकालाच मी फसवले होते.

नंतर तेच कॅरोसेल मी सात स्लाइडचे केले आणि नेहमीचे उत्तर लपवण्याऐवजी पहिल्याच स्लाइडवर सांगून टाकले : ‘पान पिवळे पडले की आपण पाणी घालतो, आणि बरेचदा तिथेच झाड बिघडते.’ तळाशी प्रश्न होता, ‘माती ओली असूनही झाड तहानलेले का दिसते?’ दुसऱ्या स्लाइडवर त्याचे उत्तर : सतत ओल्या मातीत मुळांना हवा मिळत नाही, ती कुजतात आणि पाणी शोषू शकत नाहीत. या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघाला, ‘पण माती कोरडी असूनही पाने पिवळी पडत असतील, तर?’ तिसऱ्या स्लाइडने सांगितले की आधी कोणते पान पिवळे पडले ते पाहावे, आणि तळाशी विचारले, ‘खालचे जुने, की शेंड्याकडचे नवे?’ चौथ्यावर जुने पान म्हणजे बहुधा नत्राची कमतरता, पाचव्यावर पान पिवळे पण शिरा हिरव्या असलेले नवे पान म्हणजे बहुधा लोहाची. इथे प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पुढच्या एक-दोन स्लाइडमध्येच मिळते आणि त्यातून पुढचा प्रश्न निघतो. उत्तर त्याहून लांबले, तर वाचक प्रश्नच विसरतो.

दुसरी चूक म्हणजे एकाच वेळी चार धागे सोडणे. एक मोठा प्रश्न पहिल्या स्लाइडपासून शेवटपर्यंत चालावा, आणि त्याच्या पोटात एका वेळी एकच छोटा प्रश्न उघडा असावा. मी कागदावर दोन रकाने आखतो : प्रश्न कोणत्या स्लाइडवर उघडला आणि कोणत्या स्लाइडवर मिटला. दुसरा रकाना रिकामा राहिला, तर ती टीझरची ओळ मी खोडतो, ती कितीही आवडती असली तरी.

घाईत असलेले नवशिके टीझर आधी लिहितात आणि मग त्याला साजेसा मजकूर शोधतात. मी सगळा मजकूर पूर्ण करून, शेवटच्या स्लाइडपासून मागे येत टीझर लिहितो, कारण उत्तर समोर असल्याशिवाय प्रामाणिक प्रश्न सुचत नाही. तयार टीझरच्या याद्या वापरणाऱ्यांविषयी मी न बोललेलेच बरे.

किरकोळ चुकाही सांगून टाकतो. टीझरमध्येच उत्तर फोडू नये. पहिली स्लाइड न सरकवलेल्या माणसाला इन्स्टाग्राम कधीकधी नंतर थेट दुसरी स्लाइड दाखवते, म्हणून दुसऱ्या स्लाइडची सुरुवात ‘तर ते कारण म्हणजे’ अशी करू नये. टीझरचा टाइप मुख्य मजकुराहून लहान असावा, पण फोन हातभर अंतरावर धरून वाचता आला पाहिजे. शेवटच्या स्लाइडवर टीझर नसावा.

प्रकाशित करण्यापूर्वी मी विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाच्या हातात फोन देतो आणि काही न बोलता त्याचा अंगठा पाहतो. अंगठा थांबला की त्या स्लाइडचा तळ झाकून विचारतो, ‘आता तुम्हाला काय जाणून घ्यायचे आहे?’ त्याने सांगितलेला प्रश्न माझ्या ओळीहून वेगळा निघाला, तर मी माझी ओळ काढून त्याचा प्रश्न लिहितो.