पर्चेस बिलांच्या शीटवरून फिफो पद्धतीने क्लोजिंग स्टॉकची किंमत कशी काढायची

पर्चेस बिलांमधून क्वांटिटी आणि रेट काढून शीटमध्ये आलेत, स्टॉक मोजून झालाय, आता फिफोने व्हॅल्यू काढायची. इथे बरेच जण वर्षाच्या सुरुवातीपासून एकेक विक्री वजा करत बसतात, त्याची खरं तर गरज नसते. फिफोमध्ये जुना माल आधी गेला असं धरतो, म्हणजे शेवटी उरलेला माल हा सगळ्यात नवीन खरेदीतलाच असणार, मग सरळ शेवटच्या बिलापासून उलटं मागे यायचं आणि मोजलेला स्टॉक पुरा झाला की थांबायचं. विक्रीच्या तारखा लागतच नाहीत. रोजच्या रोज फिफो लावा नाहीतर महिनाअखेरीस एकदाच लावा, बिलं तीच असतील तर क्लोजिंगचा आकडा तोच येतो. अ‍ॅव्हरेज पद्धतीत तसं होत नाही.

गणित सोपं आहे. वेळ जातो तो बिलातून आलेला आकडा खरंच वापरण्यालायक आहे का ते बघण्यात, म्हणून एकच आयटम घेऊन शेवटपर्यंत जाऊ. ६२०४ नंबरचं बेअरिंग, ३० जूनला गोडाऊनमध्ये मोजले ३४० नग. शीटमध्ये बिलं अशी उतरलीत:

९ एप्रिल: ३००, रेट ९०, रक्कम २७,०००
६ मे: २००, रेट ९६, रक्कम १९,२००
२ जून: १५, रेट १,०००, रक्कम १५,०००
१९ जून: १२०, रेट ११०, रक्कम १२,५४०
२८ जून: ८०, रेट ११२, रक्कम ८,९६०

हे जसंच्या तसं घेऊन मागे आलात तर ८०, १२०, १५ आणि मे मधले १२५ असे ३४० भरतात आणि छापलेल्या रेटने व्हॅल्यू येते ४९,१६०. दिसायला सगळं बरोबर, नग पण जुळले. पण हा आकडा खऱ्यापेक्षा बराच जास्त आहे, कसा ते आता बघू.

पहिलं काम, प्रत्येक ओळीत क्वांटिटी गुणिले रेट केलं की रक्कम येते का ते तपासा. शीटमध्ये B ला क्वांटिटी, C ला रेट, D ला रक्कम असेल तर बाजूच्या कॉलममध्ये एवढंच टाका:

```
=ROUND(B2*C2,2)-D2
```

शून्य आलं नाही ती ओळ हातात घ्यायची. इथे १९ जूनची ओळ अडकते, १२० गुणिले ११० म्हणजे १३,२०० आणि रक्कम आहे १२,५४०, फरक ६६०. बिल उघडून बघितलं तर ५ टक्के डिस्काउंटचा वेगळा कॉलम होता आणि तो शीटमध्ये आलाच नव्हता. म्हणून माझा नियम असा की छापलेला रेट व्हॅल्युएशनला वापरायचाच नाही, ओळीची डिस्काउंट गेल्यानंतरची आणि टॅक्स लागायच्या आधीची रक्कम घ्यायची आणि तिला नगांनी भागायचं. १२,५४० भागिले १२० म्हणजे १०४.५०, हा खरा रेट. टॅक्सचं म्हणाल तर जो परत मिळतो किंवा सेट ऑफ होतो तो किमतीत धरायचा नाही, जो मिळत नाही तो धरायचा.

आता ही तपासणी जिथे फसते ते जास्त महत्त्वाचं. २ जूनची ओळ बघा, १५ गुणिले १,००० म्हणजे १५,०००, फरक शून्य, एकदम पास. पण ते १५ नग नाहीत, १५ बॉक्स आहेत आणि एका बॉक्समध्ये १० नग. गुणाकाराला युनिट कळत नाही. तसंच क्वांटिटी आणि रेटचे कॉलम उलटे वाचले गेले तरी गुणाकार तोच येतो, आणि तेच बिल दोनदा स्कॅन झालं असेल तर दोन्ही ओळी मजेत पास होतात. डबल बिल पकडायला सप्लायर आणि बिल नंबर एकत्र करून रिपीट शोधा, पण बिल नंबरमधला शून्य आणि ओ किंवा आडवी रेघ वेगळी वाचली गेली तर तेही सुटतं, म्हणून सोबत तारीख आणि रक्कम जुळवून पण एकदा बघा.

युनिटची चूक आणि उलटे कॉलम पकडायला आयटमप्रमाणे सॉर्ट करून रेटची रांग वरून खाली वाचायची, बस. ९०, ९६, १०००, ११०, ११२. मधला हजार डोळ्यात खुपतोच. मागच्या रेटपेक्षा दहापट, बारापट, शंभरपट असा गोल गुणक दिसला की बहुतेक वेळा पॅकिंगचा मामला असतो. पण रेट आणि क्वांटिटी जवळजवळचे असतील, जसं १२० आणि ११०, तर उलटे झालेले रेटच्या रांगेत पण नीट दिसत नाहीत, अशा ओळींसाठी बिलाची इमेज उघडण्याला पर्याय नाही. तर २ जूनची ओळ आता झाली १५० नग, रेट १००.

त्याच बिलात खाली ६०० भाडं लावलेलं होतं. बिलात बेअरिंगबरोबर अजून ५,००० चा दुसरा माल होता, म्हणजे माल एकूण २०,००० चा. माल गोडाऊनपर्यंत आणायचा खर्च हा किमतीचाच भाग, म्हणून रकमेच्या प्रमाणात वाटला तर बेअरिंगच्या वाट्याला ४५०, नगामागे ३. रेट झाला १०३. आयटमच्या ओळीच तेवढ्या काढल्या असतील तर ही भाड्याची ओळ शीटमध्ये येतच नाही, म्हणून ओळींची बेरीज अधिक टॅक्स बरोबर बिलाची टोटल होते का हे बिलनिहाय बघणं भाग आहे.

मग रिटर्न. १९ जूनच्या १२० पैकी २० नग २४ जूनला परत पाठवले, त्याची क्रेडिट नोट वेगळ्या फाइलमध्ये पडून होती. क्रेडिट नोट वजा करायची ती ज्या बिलाचा माल त्याच बिलातून, नुसती एकूण खरेदीतून नाही. उलटं मागे येताना नवीन बिल आधी वापरलं जातं, त्यामुळे ते २० नग तिथेच राहिले तर १०४.५० च्या रेटला २० नग जास्तीचे मोजले जातील आणि मागचे तेवढे स्वस्त नग बाहेर राहतील. आता १९ जूनचे राहिले १०० नग.

शेवटचं २८ जूनचं बिल. बिलाची तारीख जूनची पण माल उतरला २ जुलैला, म्हणजे मोजलेल्या ३४० मध्ये त्याचा एकही नग नाही. फिफोची रांग बिलाच्या तारखेने नाही तर माल आल्याच्या तारखेने लावायची, आणि ती तारीख बिलावर नसते, गेटच्या रजिस्टरमध्ये किंवा इनवर्डमध्ये असते. तो माल रस्त्यात असतानाच आपल्या मालकीचा झाला असेल तर ते ८० नग ११२ ने 'वाटेतला माल' म्हणून वेगळे दाखवा, ३४० च्या हिशेबात मिसळू नका.

आता साफ झालेली रांग, नवीन वर, जुनं खाली: १९ जून १०० नग १०४.५० ने, २ जून १५० नग १०३ ने, ६ मे २०० नग ९६ ने, ९ एप्रिल ३०० नग ९० ने. ही दुसऱ्या शीटवर घ्या, A ला आल्याची तारीख, B ला निव्वळ नग, C ला निव्वळ रेट, मोजलेला स्टॉक G1 मध्ये, आणि D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=MAX(0,MIN(B2,$G$1-SUM(D$1:D1)))
```

D1 मध्ये हेडिंग असलं तरी बेरजेला त्रास होत नाही. प्रत्येक ओळीतून अजून किती नग घ्यायचे ते D मध्ये येतं: १००, १५०, ९०, ०. E मध्ये D गुणिले C. म्हणजे १०,४५० अधिक १५,४५० अधिक ८,६४०, एकूण ३४,५४०. आधीच्या ४९,१६० मधून १४,६२० गळाले, आणि त्यातला सगळ्यात मोठा वाटा त्या एका बॉक्सवाल्या ओळीचा.

खाली एक ओळ अजून ठेवा, G1 वजा D ची बेरीज. शून्य यायला पाहिजे. शिल्लक राहिली तर हातात असलेल्या बिलांपेक्षा स्टॉक जास्त आहे, म्हणजे एखादं बिल सुटलंय किंवा बॉक्सचे नग केले नाहीत किंवा मोजणी चुकलीये किंवा खरोखर त्याआधीच्या वर्षाचा माल शिल्लक आहे. शेवटचं कारण असेल तर मागच्या वर्षीच्या क्लोजिंगचे थर त्यांच्या रेटसकट खाली जोडायचे, हातात असलेल्या सगळ्यात जुन्या बिलाचा रेट लावून मोकळं व्हायचं नाही.

उत्तर पटवायला एकदा सरळ बाजूने पण करून बघा, फक्त मोठ्या आयटमना केलं तरी चालतं. समजा ओपनिंग ६० नग ८८ ने म्हणजे ५,२८०, त्यात खरेदी २७,०००, १९,२००, १५,४५० आणि १०,४५०, एकूण ८१० नग आणि ७७,३८०. विकले ४७०: ओपनिंगचे ६०, एप्रिलचे ३००, मे चे ११०, त्यांची किंमत ४२,८४०. वजा केलं की ३४,५४०, जुळलं. इथे विक्रीच्या नोंदीप्रमाणे ३४० यायला हवेत पण मोजणीत ३३२ भरले असं झालं तर G1 मध्ये ३३२ च टाका, मग कमी पडलेले ८ नग आपोआप जुन्या थरातून, म्हणजे मे च्या ९६ ने जातात. ती ७६८ ची तूट गुपचूप विकलेल्या मालाच्या किमतीत न मिसळता वेगळी दाखवली तर पुढे कोणी विचारलं तर सांगता येतं.

एवढं करून आलेला आकडा अजून अंतिम नाही. फिफोने काढलेली किंमत आणि विकून हातात येईल ती रक्कम, यातली जी कमी ती ताळेबंदात जाते, स्टॉकसाठीच्या आंतरराष्ट्रीय अकाउंटिंग स्टँडर्डमध्ये, म्हणजे आयएएस २ मध्ये, हाच नियम आहे. हे बेअरिंग विक्रीचा खर्च वजा जाता आता ९८ लाच जात असेल तर ३४० नगांचे होतात ३३,३२०, आणि स्टॉक त्यालाच धरायचा. ही तुलना सगळ्या गोडाऊनची एकत्र करू नका, आयटमनिहाय करा, नाहीतर एका मालावरचा नफा दुसऱ्यावरचा तोटा झाकून टाकतो आणि शीटमध्ये ते कुठेच दिसत नाही.