पापणीवरचे पिवळे डाग: काढण्याच्या घाईत होणाऱ्या चुका

वरच्या पापणीवर, नाकाकडच्या कोपऱ्यात, पिवळसर, मऊ, किंचित उचललेला पट्टा. दुखत नाही, खाजत नाही, दाबला तर फुटत नाही. हळूहळू दुसऱ्या डोळ्यावरही तसाच उमटतो. याला झॅन्थेलास्मा म्हणतात, पापणीच्या कातडीत साठलेलं कोलेस्टेरॉल. दादरच्या माझ्या दवाखान्यात लग्नसराईच्या तोंडावर असे डाग घेऊन येणारे वाढतात आणि बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टर, आज काढून मिळेल का?’

आज मिळणार नाही. का, ते सांगते.

रक्त न तपासता डाग काढणे

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती करणाऱ्यांत पेशंट कमी आणि आम्ही डॉक्टर मंडळी जास्त असतो.

काही वर्षांपूर्वी एक बस कंडक्टर आले. वय ३९. डाग दोन वेळा काढून झाले होते, एकदा लेसरने आणि एकदा टाके घालून. दोन्ही वेळा वर्ष-दीड वर्षात परत आले. दोन्ही ठिकाणी काम सुबक झालं होतं, व्रण शोधावा लागत होता. पण रक्ताची चाचणी कोणीच सांगितली नव्हती.

मी त्यांना घरच्यांबद्दल विचारलं. वडील ४६व्या वर्षी गेले, ‘अटॅक आला’ एवढंच माहीत. काका पन्नाशीच्या आत बायपास झालेले. मग मी त्यांना चपला काढून भिंतीकडे तोंड करून उभं राहायला सांगितलं. पापणीचे डाग दाखवायला आलेल्या माणसाला हे विचित्र वाटतं, पण माझी ती सवय आहे. टाचेच्या वर जी जाड शीर लागते, खरं तर स्नायूचा दोर, ती अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून पाहते. साधारण माणसाची ती चपटी आणि गुळगुळीत लागते. यांची बोटभर जाड होती, मध्ये गाठाळ. तिथेही कोलेस्टेरॉलच साठलं होतं. ‘बुटामुळे झालं असेल, दिवसभर उभा असतो,’ असं ते इतकी वर्षं समजत होते.

रिपोर्ट आला: एकूण कोलेस्टेरॉल २९८, एचडीएल ४२, ट्रायग्लिसराइड १४०. रिपोर्टमधलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारं कोलेस्टेरॉल, बहुतेक वेळा हिशेबाने काढलेलं असतं. ट्रायग्लिसराइडला ५ ने भागायचं, इथे २८ आले. एकूणातून ते आणि एचडीएल वजा केले की उरतात २२८. (ट्रायग्लिसराइड ४००च्या वर असेल तर हा हिशेब चालत नाही, एलडीएल थेट मोजायला सांगावं लागतं.) थायरॉइड, साखर, लघवीतलं प्रथिन आणि यकृताच्या चाचण्या ठीक होत्या. हे पाहायलाच हवं, कारण थायरॉइड मंदावल्यामुळे, मूत्रपिंडातून प्रथिन गेल्यामुळे किंवा पित्ताचा मार्ग अडल्यामुळेही एलडीएल चढतं, आणि तिथे उपचार वेगळा असतो.

यांना त्यातलं काही नव्हतं. एलडीएल १९०च्या वर, टाचेच्या दोरात साठा, वडील तरुणपणी गेलेले. हा घराण्यातून आलेला कोलेस्टेरॉलचा आजार. यात यकृत रक्तातलं एलडीएल पुरेसं उचलू शकत नाही, आणि ते जन्मापासून. वडापाव सोडून हा आकडा ठिकाणावर येत नाही. मी त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू झालं, एलडीएल ११२वर आलं. मग एझेटिमाइब जोडल्यावर ८८.

या आजारात प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून दोन्ही मुलांचं रक्त तपासलं. मुलगी ठीक. १४ वर्षांचा मुलगा, क्रिकेट खेळणारा, काटक, पापण्या स्वच्छ, आणि एलडीएल २०५. पापणीवर डाग उमटण्याची वाट पाहिली असती तर त्याची वीस वर्षं तशीच गेली असती.

त्या घरात खूण दोनदा पुसली गेली, आणि दोन्ही वेळा कोणी विचारलं नाही की ती का उमटली. म्हणून माझा नियम: आधी लिपिड प्रोफाइल, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब, मग डागाला हात. पहिल्या तपासणीला उपाशी पोटाचाही आग्रह नाही, त्यामुळे ‘उद्या सकाळी येतो’ म्हणून निसटायला जागा उरत नाही.

‘कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं, म्हणजे सुटलो’

झॅन्थेलास्मा असलेल्या साधारण निम्म्या लोकांचं कोलेस्टेरॉल नॉर्मल येतं. मग रिपोर्ट कपाटात जातो. कोपनहेगनमध्ये १२ हजारांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून केलेला अभ्यास २०११मध्ये प्रसिद्ध झाला. पापणीवर हे डाग असलेल्यांना हृदयविकाराचा झटका येण्याचं प्रमाण जास्त दिसलं, आणि कोलेस्टेरॉल व इतर धोके हिशेबात धरल्यावरही तो फरक राहिला. बुबुळाभोवतीच्या पांढुरक्या कड्याच्या बाबतीत तसं दिसलं नाही. याचा अर्थ डाग असलेल्या प्रत्येकाला झटका येईल असा मुळीच नाही. पण एकूण २०० पाहून थांबू नका, एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडही वाचा. घरात कमी वयात हृदयविकार असेल तर लायपोप्रोटीन (ए) ही चाचणी आयुष्यात एकदा करून घ्या, ती नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये नसते. आणि तंबाखू, मशेरी, सिगारेट यांबद्दल डॉक्टरांशी खरं बोला.

अ‍ॅसिड: पार्लरमध्ये, घरी, ऑनलाइन मागवून

लालबागच्या एक ताई, वय ४८. मुलीच्या लग्नाला नऊ दिवस उरले होते. ओळखीतल्या पार्लरवालीने ‘दोन मिनिटांचं काम’ म्हणून दोन्ही डोळ्यांना अ‍ॅसिड लावलं. ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, टीसीए. हे आम्हीही वापरतो, वस्तू तीच. फरक हाताचा. कापसाचा बोळा ओला गच्च होता, ताई पाठीवर सपाट झोपलेल्या. झोंबल्यावर डोळ्यांत पाणी आलं, त्या पाण्याबरोबर अ‍ॅसिड खालच्या पापणीवर आणि थोडं डोळ्यात उतरलं. त्यांनी घरी येऊन त्यावर बर्फ आणि कोरफड लावली. माझ्याकडे आल्या तिसऱ्या दिवशी.

उजवा डोळा लाल, उघडत नव्हता. मी हात न लावता त्याच तासाला नेत्रतज्ज्ञांकडे पाठवलं. बुबुळावरची इजा आठवड्यात भरली, नशीब. पण खालच्या पापणीची कातडी भरताना आक्रसत गेली आणि पापणी खाली ओढली गेली. डोळा मिटूनही खाली पांढरी फट उरायची, सतत पाणी गळायचं. व्रण मऊ पडेपर्यंत सहा महिने थांबून, कानामागची कातडी लावून पापणी वर घ्यावी लागली. लग्नाच्या फोटोंत त्या काळ्या चष्म्यात आहेत.

पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ कातडी आहे, मिलिमीटरभरही नाही. आणि हा डाग कातडीखालची चरबीची पोटली नाही. कोलेस्टेरॉल गिळून फुगलेल्या पेशी कातडीच्या थरातच बसलेल्या असतात, म्हणून टोचून, पिळून काही निघत नाही. अ‍ॅसिड त्या थरापर्यंत जायला हवं आणि तिथेच थांबायला हवं.

मी टीसीए लावते ते असं: डोकं उंच, डोळा मिटलेला, डागाच्या कडेने व्हॅसलिनची रेघ, टूथपिकच्या टोकाएवढा कापूस, तोही निथळून टिपलेला. शेजारी मदतनीस कोरडा गॉज घेऊन अश्रू टिपायला उभी, पाण्याची बाटली उघडून ठेवलेली. डागावर पांढरं धुकं चढलं की हात मागे. एका वेळी एकाच बाजूचा डाग, पुढची बैठक महिन्याने. काहींना दोन लागतात, काहींना चार. कोणी म्हणतं, ‘एकदाच जास्त लावा ना.’ त्यांना मी नाही म्हणते आणि ते चिडून दुसरीकडे गेले तरी नाहीच म्हणते.

लसणाचा ठेचा लावणाऱ्यांसाठी एक ओळ: लसूण कातडी भाजतो, कोलेस्टेरॉल विरघळवत नाही. व्हिनेगरचंही तेच.

कोणता उपाय कुठे

पातळ, लहान डाग असेल तर टीसीए किंवा लेसर. लेसर करताना डोळ्यात धातूची संरक्षक वाटी बसवतात. ती नसेल तर खुर्चीवरून उठा. जाड डाग असेल आणि वरच्या पापणीला सैल कातडी असेल तर शस्त्रक्रिया चांगली, व्रण पापणीच्या घडीत लपतो आणि टाके आठवड्याच्या आत निघतात. खालच्या पापणीवर मोठा डाग असेल तर कापताना पापणी ओढली जाण्याचा धोका, तिथे पापण्यांची शस्त्रक्रिया करणारा नेत्रतज्ज्ञच हवा. अतिशीत नायट्रोजनने गोठवणं मी आपल्या रंगाच्या कातडीवर टाळते, पांढरा चट्टा राहू शकतो. लेसर आणि अ‍ॅसिडनंतरही जागा काळी पडू शकते, म्हणून काही महिने उन्हापासून जपा. लग्न असेल तर तीन महिने आधी या.

आणि डाग परत येतात. एका जुन्या, नेहमी सांगितल्या जाणाऱ्या पाहणीत पहिल्या शस्त्रक्रियेनंतर ४० टक्के लोकांत ते परतले, दुसऱ्यांदा काढल्यावर ६० टक्के. चारही पापण्यांवर असतील तर शक्यता आणखी जास्त. हे पैसे भरण्याआधी सांगायला हवं.

लहान पण महागात पडणाऱ्या

डाग गेला नाही म्हणून कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिनची गोळी बंद करू नका. ती गोळी रक्तवाहिन्यांसाठी आहे. डाग तिने क्वचितच मावळतात.

प्रत्येक पिवळी गाठ झॅन्थेलास्मा नसते. कडक लागते, भराभर वाढते, मधोमध जखम होते किंवा तिथल्या पापणीचे केस गळतात, तर लेसर नको, तुकडा काढून तपासा.

आणि मोजून ठेवा. खिडकीपाशी, डोळा मिटून, शेजारी मिलिमीटरची पट्टी धरून फोटो काढा, दर सहा महिन्यांनी. कंडक्टरांचा डावा डाग गोळ्या सुरू झाल्या तेव्हा ७ मिलिमीटर होता, दोन वर्षांनीही ७. तिसऱ्यांदा काढायचा का, असं मी विचारलं. म्हणाले, ‘राहू दे मॅडम, पोराच्या रिपोर्टची तारीख सांगा.’