महालक्ष्म्यांचे पाहुणे आणि आमची मनी

महालक्ष्म्यांच्या जेवणाला घर भरलं की आमची मांजर मनी दिवाणाखाली शिरायची आणि पोरं तिला ओढून काढायची, त्यानं ती अजूनच बुजायची. आता पाहुण्यांच्या आधीच मागच्या खोलीत दोन बाजूंनी उघडा खोका ठेवते, आत माझी वापरलेली ओढणी, जवळ पाणी, दूरच्या कोपऱ्यात तिचा शी-शूचा ट्रे. दार किंचित उघडं. आत कुणी जायचं नाही. यंदा ती आपणहून उंबऱ्यापर्यंत आली. मावशींनी तिच्याकडे न बघता खाऊचे दाणे सरकवले, तिनं खाल्ले!

लपण्याची काळजी नाही. पण पाहुणे गेल्यावरही चोवीस तास खाल्लं नाही, तर डॉक्टर गाठावा. ट्रेमध्ये कुंथूनही लघवी होत नसेल, विशेषतः बोक्याला, तर रात्र असली तरी लगेच.